मोबाईलचा कॅमेरा की फ्लॅटबेड स्कॅनर? काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

घरातली कागदपत्रं स्कॅन करून ठेवायचं काम गेले काही महिने सुरू आहे. बरेच कागद मी मुद्दाम दोन्ही पद्धतींनी स्कॅन केले: एकदा 12 मेगापिक्सेलच्या साध्या मोबाईल कॅमेऱ्याने आणि एकदा ए-फोर मापाच्या, यूएसबीवर चालणाऱ्या पातळ फ्लॅटबेड स्कॅनरवर. आता माझं मत पक्कं झालं आहे. मोबाईल कमी पडतो तो बहुतेक वेळा स्पष्टतेत नाही, उजेडात पडतो. आणि उजेडाची उणीव झाकायला अॅप जे फिल्टर लावतं, त्यात कागदावरच्या काही गोष्टी कायमच्या जातात.

आधी स्पष्टतेचं बघू. ए-फोर कागद 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके घेऊन, स्कॅन केला की चित्र 2480 बाय 3508 पिक्सेलचं होतं, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. 12 मेगापिक्सेलचा फोटो 3024 बाय 4032 असतो. चौकटीत कागद जवळजवळ पूर्ण भरला आणि कडेला थोडीच जागा सोडली, तर मोबाईलही 300 डीपीआयच्या आसपास पोचतो. पण हा हिशोब पिक्सेलचा झाला, अक्षरांचा नाही. स्कॅनरचा सेन्सर कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच अंतरावरून जातो. मोबाईलची लेन्स मध्यभागी उत्तम आणि कोपऱ्यांत थोडी मऊ असते. उजेड कमी असेल तर फोन फोटोतले दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर बारीक रेषाही पुसतो.

हे तपासायला अनुस्वारासारखी दुसरी खूण नाही. बारीक टायपातला मजकूर झूम करून कोपऱ्यातला एखादा अनुस्वार बघा. स्कॅनरच्या प्रतीत शिरोरेखा आणि टिंब यांच्यामध्ये कागदाची पांढरी फट दिसते. मोबाईलच्या प्रतीत पानाच्या मध्यावर ती फट शाबूत असते, पण कोपऱ्यात टिंब रेषेला चिकटतं. माणूस संदर्भाने वाचून नेतो. फोटोतून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र तिथेच चुकतं, आणि मग ‘गंध’चा ‘गध’ होतो. रोजच्या पत्रांच्या किंवा छापील फॉर्मच्या टायपाला ही अडचण आली नाही. औषधाच्या माहितीपत्रकासारख्या बारीक छपाईला हमखास आली.

हात हलल्यामुळे येणारा धूसरपणा वेगळा. त्यात सगळी अक्षरं एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसतात. दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या रचून त्यांवर फोन आडवा टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला की ही तक्रार संपते. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडतो की हातात धरून काढलेले स्कॅन मी आता फक्त घाईच्या वेळी वापरते.

आता सावली. छतावरच्या दिव्याखाली टेबलावर कागद ठेवून वाकलं की दिवा आणि कागद यांच्यामध्ये आपण स्वतः येतो. फोनची आणि डोक्याची मऊ कडेची करडी सावली थेट मजकुरावर पडते. फ्लॅश लावला तर मध्यभागी पांढरा डाग पडतो आणि कडा काळवंडतात. लॅमिनेट केलेल्या कागदावर तर त्या डागाखालची अक्षरं दिसतच नाहीत. मला सगळ्यात चांगला निकाल मिळाला तो ढगाळ दिवशी खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असं बसून. तरीही खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची मळकट दिसते. त्यासाठी पलीकडच्या कडेला एक पांढरा पुठ्ठा उभा करायचा. तो उजेड परत कागदावर टाकतो आणि फरक बराच कमी होतो. रात्री काम असेल तर एकसारखे दोन दिवे दोन बाजूंना, सारख्या अंतरावर, साधारण 45 अंशांत तिरपे ठेवायचे. एकाची सावली दुसरा भरून काढतो. एकाच दिव्याने हे जमत नाही, तो कितीही प्रखर असला तरी.

स्कॅन करणारी अॅप ही सावली एका झटक्यात घालवतात, म्हणून बहुतेक लोक उजेडाची फिकीर करत नाहीत. मला हे खटकतं, कारण ती सावली जाते कशी हे पाहिलं की किंमत कळते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर बहुधा प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या आसपासच्या भागाशी करतो. आसपासपेक्षा बराच गडद असेल तर शाई समजून काळा, नाहीतर कागद समजून पांढरा. सावलीतला कागद आणि त्याच्या शेजारचा कागद दोन्ही सारखेच गडद, म्हणून सावली नाहीशी होते. पण पेन्सिलीची फिकी रेषसुद्धा कागदापेक्षा थोडीशीच गडद असते. तीही सावलीबरोबर जाते.

एका कागदावर हे सगळं एकत्र दिसलं. पातळ जुना कागद, मधोमध आडवी घडी, दोन्ही बाजूंना टंकलेखन. तळाशी निळी सही, तिच्यावर चढलेला जांभळा गोल शिक्का आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला नोंद क्रमांक. मोबाईलने खिडकीजवळ काढलेल्या मूळ फोटोत यातलं सगळं होतं, फक्त उजवी बाजू करडी होती. ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावला आणि पान छान पांढरं झालं. पण नोंद क्रमांक गेला, सही आणि शिक्का मिळून एक काळा गोळा झाला आणि घडीची मात्र जाड रेघ उमटली. रंगीत फिल्टरमध्ये शिक्का आणि सही वेगळे राहिले, पण क्रमांकाचे शेवटचे आकडे पुसट झाले. वरवर बघणाऱ्याला ही प्रत मूळ फोटोपेक्षा चांगली वाटेल, हीच यातली काळजीची गोष्ट आहे.

स्कॅनरवर तोच कागद 300 डीपीआय रंगीत घेतला. क्रमांक स्पष्ट आला, सहीची निळी रेघ शिक्क्याच्या जांभळ्या कडेखालून जाताना दिसली. पण मागच्या बाजूची अक्षरं उलटी होऊन पुढे डोकावत होती. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, ती उजेड परत फेकते आणि मागची शाई पुढे दिसते. कागदावर एक काळा पुठ्ठा ठेवून झाकण लावलं आणि ती अक्षरं जवळजवळ नाहीशी झाली. पान किंचित गडद आलं, ते नंतर ब्राइटनेस वाढवून सरळ करता येतं. मोबाईलने फोटो काढतानाही पातळ कागदाखाली काळा पुठ्ठाच ठेवावा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्येही पार्श्वभूमी आपोआप पांढरी करायची सोय असते. जुन्या कागदांसाठी ती बंद ठेवा, ती पेन्सिलीला तशीच मारक आहे.

तिरकेपणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो दिसायला मोठा आणि सुटायला सोपा दोष आहे. कागद नुसता फिरलेला असणं आणि फोन कललेला असल्यामुळे आयताचा समलंब होणं, हे दोन वेगळे दोष. अॅप चार कोपरे ओळखून दोन्ही सरळ करतं. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवला तर त्याला कोपरे सापडत नाहीत. गडद कापड अंथरलं की सापडतात. पण समलंबाचा आयत करताना फोनपासून दूरची बाजू ताणली जाते. मी कागदाच्या वर आणि खाली एकेक मोजपट्टी ठेवून बघितलं. फोन कललेला असताना मूळ फोटोत दहा सेंटिमीटरला खाली साधारण 1300 पिक्सेल मिळाले, वर जेमतेम 1100. सरळ केल्यावर दोन्हीकडची लांबी सारखी झाली, पण वरच्या ओळी मऊ त्या मऊच राहिल्या. शिवाय अॅप कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण अंदाजाने ठरवत असेल तर गोल शिक्का लंबगोल दिसतो. शिक्का गोल आहे का एवढं बघितलं तरी प्रमाण बिघडलंय का ते लगेच कळतं. यावर उपाय म्हणजे फोन मुळातच समांतर धरणं. कॅमेऱ्यात ग्रिड किंवा लेव्हल चालू केलं की काही फोनमध्ये खाली बघताना दोन अधिकचिन्हं दिसतात. ती एकमेकांवर आली की फोन सपाट आहे.

स्कॅनरवर मोजपट्टीच्या दहा सेंटिमीटरला 300 डीपीआयवर 1181 पिक्सेल यायला हवेत, आणि पानाच्या कुठल्याही भागात तितकेच येतात. नकाशा, आराखडा, शिवणकामाचा कागदी नमुना, म्हणजे ज्यावरून पुढे माप घ्यायचं आहे त्यासाठी मी मोबाईलचा विचारच करत नाही. स्कॅनरवरही कागद वाकडा ठेवला जातोच. एका अंशाचा वाकडेपणा ए-फोरच्या लांबीवर पाच मिलिमीटर होतो. सॉफ्टवेअरने फिरवून सरळ करण्यापेक्षा झाकण उघडून कागद कडेला नीट टेकवून पुन्हा स्कॅन केलेला बरा.

पण स्कॅनरची खरी मर्यादा मला जाड पुस्तकाने दाखवली. पातळ फ्लॅटबेडमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो. काचेला चिकटलेलं असेल ते तो अतिशय स्पष्ट टिपतो, पण कागद काचेपासून काही मिलिमीटर उचलला गेला की चित्र धूसर आणि काळपट होतं. बांधणीजवळचे शब्द नेमके त्याच भागात येतात. सीसीडी सेन्सरचे जाडजूड स्कॅनर याबाबतीत बरेच सरस असतात. माझ्याकडे तो नाही, आणि पुस्तक जोराने दाबलं तर शिवण उसवते. मग मी पुस्तक अर्धवट उघडून, एका वेळी एकच पान सपाट धरून, मोबाईलने फोटो काढते. इथे मोबाईलच जिंकतो. तसंच लीगल मापाच्या लांब कागदाचं. ए-फोर काचेवर तो दोन तुकड्यांत घ्यावा लागतो आणि जोड दिसतो.

घडीचंही असंच. स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो, म्हणून दिव्याच्या पट्टीला समांतर असलेली घडी सावली देते. कागद लहान असेल तर तो काटकोनात फिरवून ठेवते. घडी पट्टीच्या प्रवासाच्या दिशेत आली की सावली बरीच फिकी होते.

सध्या माझ्याकडे पावत्या, छापील पत्रं, कुणाला लगेच पाठवायचे फॉर्म आणि पुस्तकांची पानं मोबाईलवर होतात. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, कारण मेसेजिंग अॅप फोटो लहान करतात आणि मग आधीची सगळी मेहनत वाया जाते. पेन्सिल, शिक्का, फिकी शाई किंवा माप असलेला प्रत्येक कागद स्कॅनरवर जातो: रंगीत, 300 डीपीआय, आणि अक्षर फारच बारीक असेल तर 600. मोबाईलवर काढलेल्या महत्त्वाच्या कागदाचा मूळ, बिनफिल्टरचा फोटोही जपून ठेवते. फिल्टर नंतर केव्हाही लावता येतो.