वेरूळला गाईड घ्यायचा तर कुठला: गेटवरचा, शहरातून आणलेला, की कुणीच नको?

वेरूळच्या तिकीटघरापाशी गाडीतून उतरलात की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "गाईड पाहिजे का साहेब? पूर्ण वेरूळ दाखवतो." सगळी गडबड या "पूर्ण" शब्दात आहे. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा माणूस चुणचुणीत वाटला, आठशे रुपये म्हणाला, आम्ही सहाशेवर आणला आणि स्वतःवर खूश होऊन आत शिरलो. पन्नास मिनिटांत कैलास झालं, शेजारचं एक लेणं बाहेरून दाखवलं आणि "बाकी सगळं असंच आहे" असं सांगून त्यानं हात पुढे केला. आम्ही घासाघीस केली ती रुपयांची. लेण्यांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. दोनशे रुपये वाचवले आणि बत्तीस लेणी गमावली.

वेरूळला 34 लेणी आहेत आणि ती डोंगराच्या कुशीत जवळजवळ दोन किलोमीटर पसरलेली आहेत. तिकीट काढून आत गेलात की समोर 16 नंबरचं कैलास. उजव्या हाताला 1 ते 12 ही बौद्ध लेणी, 13 ते 29 हिंदू, आणि पार डाव्या टोकाला 30 ते 34 ही जैन लेणी. जैन लेणी कैलासापासून दीडेक किलोमीटर लांब पडतात, म्हणून ती कुठल्याही तोंडी सौद्यातून सगळ्यात आधी गळतात. गाईड कुठलाही घ्या, हा नकाशा डोक्यात ठेवूनच बोलायला उभं राहायचं.

पर्याय मुळात तीन. गेटवर उभा असलेला स्थानिक माणूस, केंद्र किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचा परवाना असलेला गाईड, आणि हॉटेलनं किंवा गाडीवाल्यानं छत्रपती संभाजीनगरहून दिवसभरासाठी सोबत दिलेला गाईड. चौथा पर्याय म्हणजे कुणीच नको. त्याबद्दल शेवटी.

परवानाधारकाच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं. त्यावर नाव, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. तारीख वाचायला संकोचू नका. ज्याचं कार्ड खरं आहे तो स्वतःच पुढे करतो. "घरी राहिलं" किंवा "सायबाकडं जमा आहे" असं उत्तर आलं तर तो पहिल्या गटातला आहे असं समजून चला. तो वाईटच असेल असं नाही, पण मग दरपत्रकाचा विषय संपला. केंद्रीय परवान्याच्या गाईडचा दर अर्धा दिवस म्हणजे चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास असा ठरतो, शिवाय माणसांच्या संख्येप्रमाणे टप्पे पडतात. पहिला टप्पा 1 ते 5 माणसांचा. सहावा माणूस आला की पुढचा टप्पा लागतो. इंग्रजी-हिंदी सोडून परदेशी भाषेत सांगायचं असेल तर वेगळा भत्ता असतो. मराठीसाठी कुणी जास्त मागितले तर हसून नाही म्हणावं. दर अधूनमधून बदलतात, म्हणून आकडा माझ्याकडून घेऊ नका, त्याच्याकडचं पत्रक बघा.

दर गटाचा असतो, माणशी नसतो, हे महत्त्वाचं. गेटवर "दोनशे" ऐकून खूश झालेली मंडळी बाहेर पडताना बाराशे मोजताना मी पाहिली आहेत. दोनशे माणशी होते, आणि हे आत शिरण्याआधी कुणीच विचारलं नव्हतं.

शहरातून आलेल्या गाईडचं गणित वेगळं. तुमचा दिवस नुसता वेरूळचा नसतो. वाटेत दौलताबाद असतं, वेरूळजवळ घृष्णेश्वर, परतताना बीबी का मकबरा. आठ तास ऐकायला भरपूर वाटतात, पण ते कुठून मोजायचे? तुमच्या हॉटेलपासून की लेण्यांच्या गेटपासून? शहर ते वेरूळ तीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीड-दोन तास गाडीतच जातात. दौलताबादचा किल्ला चढायचा म्हटलं तर दोन तास त्याचे. जेवण धरून वेरूळच्या वाट्याला तीनही तास उरत नाहीत. शिवाय परतीच्या वाटेवर "फक्त बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही" म्हणत पैठणी आणि हिमरूच्या दुकानात नेलं जातं. तिथल्या खरेदीवर आणणाऱ्याला टक्केवारी मिळते हे उघड गुपित आहे. एरवी दरात सवलत देणारा गाईड ती कुठून भरून काढतो ते इथं कळतं. मला दुकानाचा राग नाही, पण तो पाऊण तास माझ्या आठ तासांतून जायला नको. "दुकान नाही, आणि त्यासाठी दर वाढणार असेल तर आत्ताच सांगा," असं निघण्याआधी बोलून टाकलं की पुढे तोंड वाकडं करायची वेळ येत नाही.

माझं मत असं: वेरूळच बघायचं असेल तर परवानाधारकाचा अर्धा दिवस. दौलताबाद, मकबरा आणि वेरूळ एका दिवसात उरकायचं असेल तरच शहरातला गाईड, आणि तोसुद्धा मुख्यतः धावपळ सांभाळायला. गेटवरचा बिनपरवान्याचा माणूस मी फक्त एका कामासाठी घेईन: वेळ दीड तासच आहे आणि कैलासच बघायचं आहे. त्यांच्यातले काही जण कैलास चांगलं सांगतात.

चांगलं म्हणजे कसं, हे ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे. पैसे ठरवायच्या आधी विचारायचं, "कैलासात रंग कुठे उरलाय, दाखवाल का?" या देवळावर मूळ पांढरा गिलावा होता, वर रंगकाम होतं आणि त्याचे अवशेष आजही छताला दिसतात. ज्याला माहीत आहे तो लगेच मंडपाच्या छताबद्दल बोलायला लागतो. ज्याला माहीत नाही तो "किती टन दगड काढला" यावर घसरतो. दोन लाख टन, चार लाख टन, आकडा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतो. आणि कुणी "हे माणसाचं काम नाही साहेब" म्हणत परग्रहावरच्या लोकांपर्यंत पोचला, तर तिथूनच नमस्कार करावा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हातोडी-छिन्नीवाल्यांनी वरून खाली कोरत आणलेलं हे काम आहे. आतल्या शिल्पांसाठी दगड कुठे शिल्लक ठेवला, हे दाखवणारा गाईड मिळाला तर त्याला चहा पाजा.

दुसऱ्या खेपेला आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं, भाऊ आणि आई. आईचे गुडघे दुखतात. परवानाधारक गाईड मिळाला. त्याच्याशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं सांगतो, कारण खरं काम तेच असतं.

"दादा, आम्ही सहा, सगळ्यांचे मिळून किती?"

त्यानं पत्रक दाखवलं, सहा म्हणजे पुढचा टप्पा. मी म्हटलं, एक मूल सहा वर्षांचं आहे. तो हसला आणि म्हणाला, "पाचच धरू."

"चार तास आत्तापासून, का आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर."

"कुठली कुठली लेणी?"

इथं त्यानं आम्हाला उलट विचारलं, "आईंना जिने चालतील का?" तिथंच मला माणूस पटला. बारावं लेणं तीनमजली आहे, तीनताल म्हणतात त्याला. ते आईसाठी गाळायचं, भाऊ आणि मुलं वर जाऊन येतील, असं ठरलं. मग कैलास सव्वा तास, त्यात रावण कैलास हलवतोय ते दक्षिणेकडचं शिल्प नीट बघायचं. 10 नंबरचं विश्वकर्मा लेणं. 15 नंबरचं दशावतार, पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून लोक टाळतात, पण अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा शिलालेख आहे आणि वर नरसिंहाचं जबरदस्त शिल्प. 21 नंबरचं रामेश्वर. शेवटी 32 नंबरची इंद्रसभा.

"जैन लेण्यांना जायचं गाडीभाडं?"

"तुमचं. माझंही तुमच्याच सोबत."

तेवढं आधी कळलं की वाद उरत नाही. आमच्या तिकिटांचे पैसे त्याच्या दरात नव्हते, पार्किंगही नव्हतं, पाणी-चहा आमच्या मर्जीवर. चार तासांच्या वर गेलं तर? "अर्धा तास माझ्याकडून, पुढं बोलू." हे सगळं भावानं फोनवर चार ओळींत टिपलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला वाटतं, त्याच्यापासून सावध राहावं.

पैसे शेवटी द्यायचे. आधी थोडे मागितले तर चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

दहाव्या लेण्यात त्यानं एक श्लोक म्हटला. छताच्या दगडी फासळ्यांतून तो असा घुमला की मुलं गप्प झाली. इंद्रसभेत तो म्हणाला, "नाव इंद्रसभा, पण यात इंद्र नाही. हत्तीवर बसलेला यक्ष बघून लोकांनी इंद्र समजला." ही दुरुस्ती पहिल्या खेपेच्या पन्नास मिनिटांत कधीच हाती लागली नसती, कारण तिथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

वेळेबद्दल एक गोष्ट. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर उजेड आत शिरतो. विश्वकर्मातल्या बुद्धावर संध्याकाळचं ऊन पडतं ते बघायचं असेल तर चार तास दुपारी दीडपासून ठरवा, नुसतं "सकाळी लवकर" म्हणू नका. उन्हाळ्यात मात्र हे जमणार नाही, दगड तापतो. मंगळवारी लेणी बंद असतात. हे गाईड सांगतो, पण तोवर तुम्ही तिकीटघरापाशी पोचलेले असता.

आता कुणीच नको या पर्यायाबद्दल. तुम्ही आधीच वाचून आला असाल, दुसऱ्यांदा आला असाल, किंवा चित्र काढायला, निवांत बसायला आला असाल तर गाईड अडथळाच आहे. त्याचे चार तास तुमच्या मनाला घड्याळ लावतात. पण पहिली भेट असेल आणि सोबत म्हातारी माणसं किंवा मुलं असतील, तर कुठला जिना टाळायचा, कुठे सावली आहे, जैन लेण्यांकडे कधी निघायचं, एवढ्यासाठीसुद्धा दर परवडतो. आमची आई त्या दिवशी कैलासाच्या प्रांगणात सावलीत बसून राहिली, बाकीचे तीनतालवर गेले. परत आलो तेव्हा ती शेजारी बसलेल्या नांदेडच्या बाईंना रावणाच्या शिल्पाची गोष्ट सांगत होती, गाईडनं सांगितली त्यापेक्षा थोडी मीठमसाला लावून.