क्रेडिट नोटेसोबतच्या पत्राचा नमुना: सात महिन्यांच्या वापरानंतर

लोहार चाळीतील आमच्या विजेच्या सामानाच्या घाऊक दुकानात क्रेडिट नोटेसोबत ग्राहकाला जाणाऱ्या पत्राचा नमुना मी सात महिन्यांपूर्वी बदलला. जुन्या पत्रात "आपल्या खात्यात अमुक रक्कम जमा केली आहे" एवढेच वाक्य असे. ज्या ग्राहकाने रक्कम आधीच कापून पैसे पाठवलेले असत, तो ते वाचून पुढच्या बिलातूनही तीच रक्कम कापत असे.

नव्या पत्राचा खरा कस ठाण्याच्या एका ग्राहकाच्या बाबतीत लागला. त्यांनी 600 रुपये दराने 40 एलईडी पॅनेल घेतली होती. 18 टक्के जीएसटीसह बिल 28,320 रुपयांचे झाले. सहा पॅनेल फुटलेली निघाली, ती त्यांनी परत पाठवली आणि मूळ किमतीचे 3,600 रुपये कापून 24,720 रुपये भरले. त्यामुळे आमच्या खातेवहीत त्यांच्या नावावर 3,600 रुपये येणे दिसत राहिले. क्रेडिट नोट मात्र करासह, म्हणजे 3,600 अधिक 648 अशी 4,248 रुपयांची निघाली, आणि येणे संपून उलट त्यांचेच 648 रुपये आमच्याकडे जमा झाले.

पत्रात मी मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, माल परत आल्याचे कारण आणि हा सारा हिशेब बिलापासून शिलकेपर्यंत क्रमाने लिहिला. "आपण कापलेले 3,600 रुपये या क्रेडिट नोटेतच धरले आहेत, ते पुन्हा कापू नयेत" हे वाक्य मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात ठेवले. शिल्लक सांगताना "क्रेडिट बॅलन्स" हा शब्द टाळला, कारण आमच्या वहीत जे जमा असते ते त्यांच्या वहीत नावे पडते आणि दोन्हीकडचे हिशेबनीस आपापल्या जागी बरोबर असूनही भांडतात. त्याऐवजी "आपले 648 रुपये आमच्याकडे आहेत, पुढील बिलात वळते करू" असे लिहिले. या 648 रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट आपण घेतले असल्यास ते उलटवावे, हेही त्यात आहे. या ओळीमुळे त्यांच्या सीएचा फोन आलाच, पण तो भांडणाचा नव्हता.

नमुन्यात दोन उणिवा आढळल्या. पहिली म्हणजे, पुरवठा ज्या आर्थिक वर्षातला आहे ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास त्या तारखेपर्यंतच, क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. त्यानंतर आम्ही कराविना, फक्त किमतीची क्रेडिट नोट देतो. तिथे कराची ओळ वगळावी लागते आणि एकदा मी ती विसरलो होतो. दुसरी उणीव शिलकेच्या तारखेची. वाटेत असलेला धनादेश शिलकेत येत नाही, म्हणून आता "अमुक तारखेअखेर, न वटलेले धनादेश सोडून" असे मी हाताने लिहितो. छापील नमुन्यात त्यासाठी जागाच ठेवली नव्हती.