कथेतलं स्वप्न: भाषा बदलावी की तर्क?

स्वप्नाचा प्रसंग वेगळा वाटावा म्हणून काहीजण भाषाच बदलतात. कथा भूतकाळात असेल तर स्वप्न वर्तमानकाळात येतं, वाक्यं तुटतात, टाइप तिरका होतो. दुसऱ्या पद्धतीत भाषा जागेपणीचीच राहते, फक्त घटनांमधला 'म्हणून' काढून घेतलेला असतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पहिली पद्धत सुटली ती 'जणू' या एका शब्दामुळे. गावाकडचा वाडा विकून आलेल्या सुधाची कथा लिहीत होतो. तिच्या स्वप्नात जणू भिंती श्वास घेत होत्या, जणू कुणीतरी हाक मारत होतं. एका पानात सात 'जणू' निघाले. एक खोडला की त्याच्या जागी 'भासलं' यायचं. जो 'जणू' म्हणतो तो जागा असतो. उपमा कुठली आणि वस्तू कुठली हे त्याला कळत असतं. स्वप्नात ही पारख उरत नाही. रेम झोपेत, म्हणजे जिच्यात ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, मेंदूच्या पुढच्या भागातली तर्क तपासणारी केंद्रं मंदावलेली असतात. त्यामुळे मेलेलं माणूस समोर बसलेलं दिसलं तरी आपण त्याच्याशी सरळ बोलू लागतो.

मग तेच स्वप्न असं लिहिलं:

'माजघरात तलाठी ऑफिस होतं. सुधा रांगेत उभी राहिली. खिडकीत आई बसली होती. "सातबारा आणलास?" सुधाने पदरातून ओले गहू काढून दिले. आईने ते मोजले, शिक्का मारला आणि म्हणाली, "एक पायरी कमी आहे."'

यात धुकं नाही, 'अचानक' नाही, आणि आई जाऊन चार वर्षं झाली याचं सुधाला नवल नाही. तलाठी ऑफिस आधीच्या जाग्या प्रसंगातून आलं आहे; तिथे ती खरोखरच रांगेत तिष्ठली होती. असा एक धागा मला पुरतो. दोन-तीन आले की स्वप्न कोड्यासारखं सोडवता येतं आणि मग त्याची गंमत जाते.

या पद्धतीत एक धोका आहे. अशक्य गोष्ट पाचव्या-सहाव्या वाक्यापर्यंत लांबली, तर वाचकाला ती लेखकाची चूक वाटते. मी ती पहिल्या दोन वाक्यांतच आणतो आणि शंभरेक शब्दांत बाहेर पडतो. तापातलं बरळणं लिहायचं असेल, तर तुटकी भाषा अजूनही बरी वाटते, कारण तिथे माणूस अर्धवट जागा असतो. पण झोपेतल्या स्वप्नासाठी निदान माझा हात तरी दुसऱ्या पद्धतीकडेच जातो.

बाहेर पडतानाही 'ती दचकून उठली, अंग घामाने डबडबलं होतं' हे लिहीत नाही. पुढचा परिच्छेद सरळ सकाळचा असतो: सुधा दूध आणायला खाली उतरते आणि जिन्याच्या पायऱ्या मोजते.