साडीच्या दुकानाची साइट लाइव्ह करण्याआधी: कोणता फाँट, कोणती थीम, कुणाचे फोटो?

शहापुरातल्या एखाद्या साडीच्या दुकानाची साइट समजा. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, ऑर्डर ऑनलाइन. बेळगावात अशी कामं करताना लायसन्सची खरी अडचण फाँटपाशी येते, कारण दोन लिप्या लागतात आणि मालकाला पाटीवरचंच अक्षर हवं असतं. पर्याय तीन आहेत.

पहिला, पाटी केली त्या डीटीपीवाल्याकडचा फाँट. त्याचं लायसन्स सहसा त्याच्या कॉम्प्युटरपुरतं असतं. त्या फाँटने नाव लिहून चित्र बनवणं आणि ते लोगो म्हणून साइटवर लावणं बहुतेक डेस्कटॉप लायसन्समध्ये चालतं. पण फाँटची फाइलच सर्व्हरवर ठेवली, की येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरला तिची प्रत जाते, आणि त्यासाठी वेगळं वेबफाँट लायसन्स लागतं. ते अनेकदा महिन्याच्या पानभेटींवर मोजलं जातं. शिवाय पाटीचे जुने फाँट बऱ्याचदा युनिकोडचे नसतात, म्हणजे तो मजकूर सर्चमध्ये सापडणारच नाही. तेव्हा पाटीचं अक्षर लोगोपुरतं ठेवा.

दुसरा, विंडोजमधला Nirmala UI. त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, म्हणून मोह होतो. CSS मध्ये त्याचं नुसतं नाव लिहायला हरकत नाही, फाइल उचलून सर्व्हरवर टाकायला आहे. आणि नाव लिहून मिळतं काय? गिऱ्हाईक येणार अँड्रॉइड फोनवरून, तिथे हा फाँट नसतोच, फोन स्वतःचा दाखवतो.

तिसरा, SIL Open Font License खालचे फाँट. व्यापारी साइट चालते, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणं चालतं, फक्त फाँट सुटा विकता येत नाही. मुंबईच्या एक टाइपचा Mukta देवनागरीला देखणा आहे, पण त्यात कन्नड नाही. त्यांचेच Baloo 2 आणि Baloo Tamma 2 घेतले तर मराठी आणि कन्नड मथळे एका घरचे दिसतात. मजकुराला Noto Sans Devanagari आणि Noto Sans Kannada. माझं मत सरळ या जोडीला. एकच काळजी घ्या: फाइल हलकी करण्यासाठी अक्षरं कापलीत, तर या लायसन्सनुसार तो बदल ठरतो. फाँटसोबत येणाऱ्या `OFL.txt` च्या सुरुवातीला Reserved Font Name, म्हणजे राखीव नाव, लिहिलेलं असेल, तर कापलेली फाइल जुन्या नावाने देता येत नाही. कापताना फाँटमधली कॉपीराइटची नोंदही पुसू नका.

डेव्हलपर काहीही सांगो, तपासणी स्वतः करता येते. साइट उघडा, `F12` दाबा, Network मध्ये Font निवडा आणि पान पुन्हा लोड करा. जेवढ्या फाइली दिसतील, तेवढ्यांचं लायसन्स हातात हवं. थीमने गुपचूप आणलेला फाँटही इथेच सापडतो.

थीम आणि प्लगिनचं थोडक्यात. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतली थीम GPL या मुक्त लायसन्सला जुळणारी असते, आणि छोट्या दुकानाला ती पुरते. ThemeForest वरचं Regular License एका साइटसाठी असतं. ते डेव्हलपरच्या खात्यावर असेल तर तो उद्या धारवाडला नोकरीला गेल्यावर अपडेट कुणाकडे मागणार? खरेदी मालकाच्या ईमेलवर करा. विकतच्या थीमचं कुलूप तोडून फुकट वाटलेली ‘नल्ड’ प्रत तर घेऊच नका. तिच्यात कुणी काय घुसवलंय ते कळत नाही. आणि विकतच्या थीमच्या डेमोमधले सुंदर फोटो खरेदीत येतीलच असं नाही, ते अनेकदा फक्त दाखवण्यापुरते असतात.

फोटोंत मात्र मी फुकटाच्या बाजूने नाही. Unsplash वरचा फोटो धंद्याला वापरता येतो, नाव देण्याचीही सक्ती नाही, पण चेहरा ओळखू येणाऱ्या व्यक्तीची परवानगी त्या लायसन्समध्ये येत नाही. साडी नेसलेली कुणी अनोळखी बाई तुमच्या दुकानाची जाहिरात करतेय, हे तिला मान्य आहे का? विकिमीडिया कॉमन्सवरचा CC BY-SA फोटो बेळगावच्या किल्ल्याचा असेल तर ‘आमच्याविषयी’ पानाला छान. तिथे छायाचित्रकाराचं नाव, मूळ फोटोची आणि लायसन्सची लिंक, काही बदल केला असेल तर तो, एवढं फोटोखाली द्या. लायसन्समध्ये NC, म्हणजे धंद्यासाठी वापर नाही, असं दिसलं, तर दुकानाच्या साइटवर तो फोटो नको.

साड्यांचे फोटो गावातल्या फोटोग्राफरकडून काढून घ्या. गिऱ्हाइकाला तीच साडी, तोच काठ दिसायला हवा. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम 17 इथे मालकाच्या बाजूने आहे: पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. फोटोग्राफरच्या बिलामागे उलट अट छापलेली नाही ना, एवढं वाचा. मॉडेल असेल तर तिची लेखी संमती वेगळी घ्या. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडला मात्र फोटोचा हा नियम लागू नाही. त्याचे हक्क हवे असतील तर सहीसकट लेखी हस्तांतरण लागतं, आणि ते शेवटचा हप्ता देण्याआधी मागावं.