अ‍ॅडव्हान्स फिटत आला तरी पूर्ण गॅरंटी वटवायला काढली: पोटठेकेदारांनी हे वाचावं

परभणी जिल्ह्यात कालव्याच्या एका वितरिकेच्या अस्तरीकरणाचं काम आमच्या फर्मने एका मोठ्या कंपनीकडून पोटठेक्याने घेतलं होतं. किंमत ४ कोटी. कंपनीने सुरुवातीला १० टक्के, म्हणजे ४० लाख मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स दिला आणि त्यापोटी तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी घेतली. शिवाय काम नीट पुरं करण्याची हमी म्हणून ५ टक्क्यांची, २० लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी. दोन्हींचा मसुदा कंपनीचाच होता. त्यात एक शब्दही बदलायला ते तयार नव्हते.

अ‍ॅडव्हान्सची वसुली प्रत्येक रनिंग बिलातून १२.५ टक्क्यांनी व्हायची. चौथ्या बिलापर्यंत एकूण काम २ कोटी ७२ लाखांचं झालं, म्हणजे ३४ लाख कापून गेले आणि ६ लाख उरले. प्रत्येक बिलाच्या गोषवाऱ्यात ‘अ‍ॅडव्हान्स वसुली’ असा वेगळा रकाना होता आणि खाली कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरची सही होती. गॅरंटीची रक्कम त्या प्रमाणात कमी करून द्या, असं आम्ही लेखी मागत होतो. ‘हेड ऑफिसला पाठवलंय, पुढच्या बिलाबरोबर करू’ हे उत्तर मिळत राहिलं.

भांडण पेटलं ते काळ्या मातीवरून. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर अस्तर फुटणारच, म्हणून खाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो. खोदल्यावर नकाशात होती त्यापेक्षा बरीच लांबी काळ्या मातीत निघाली. साइट इंजिनियरने मोजमाप घेऊन जास्तीचा थर टाकायला लावला आणि बिल आल्यावर कंपनीने ते नाकारलं. आम्ही पैसे मागितले, त्यांनी कामात दिरंगाईची नोटीस काढली. मग बैठकीला बोलावलं आणि ‘गॅरंटीची मुदत तेवढी वाढवा, बसून मिटवू’ म्हणाले. आम्ही मुदत वाढवली. बैठक ठरलेली असतानाच दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर बँक मॅनेजरचा फोन आला, ‘साहेब, तुमच्या दोन्ही गॅरंट्यांवर क्लेम आलाय. पूर्ण ६० लाखांचा. तुम्हाला कळवणं माझं काम, पण पैसे मला थांबवता येणार नाहीत.’

बँक मॅनेजरची चूक नव्हती. गॅरंटी हा बँक आणि लाभार्थी, म्हणजे इथे कंपनी, यांच्यातला स्वतंत्र करार असतो. कोणाचं काम खराब, कोणाचं बिल थकलं, यात बँक पडत नाही. गॅरंटीच्या शब्दांप्रमाणे मागणी आली की पैसे द्यायचे, एवढंच तिचं काम. कोर्टही सहसा अडवत नाही. गॅरंटीच्या मुळाशीच गंभीर फसवणूक असेल, किंवा पैसे गेल्यावर कधीच भरून न येणारं नुकसान होणार असेल, तरच मनाई मिळते. ‘आमचेच पैसे येणे आहेत’ हे कितीही खरं असलं तरी कोर्टाला पुरत नाही, कारण तो हिशेब नंतर लवादापुढे करता येतो.

आमच्या वकिलांनी कंपनीला शिव्या घालत बसू दिलं नाही. त्यांनी क्लेमची पत्रं आणि गॅरंट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायला लावली. मागणी कोणी करायची? पत्रात काय लिहिलेलं असायला हवं? किती रकमेपर्यंत? क्लेमची मुदत कधीपर्यंत? तिथेच दोन्ही गॅरंट्यांतला फरक उघडा पडला.

परफॉर्मन्स गॅरंटीत लिहिलं होतं, लाभार्थीने मागितल्यावर कोणतीही हरकत न घेता, मागणीचं कारण न विचारता बँक पैसे देईल. अ‍ॅडव्हान्सच्या गॅरंटीत मात्र होतं की करारानुसार वसूल न झालेल्या अ‍ॅडव्हान्सच्या मर्यादेत, आणि तेवढी रक्कम येणे आहे असं कंपनीच्या अधिकृत संचालकाने लेखी कळवल्यावर. आलेल्या पत्रावर सही प्रोजेक्ट मॅनेजरची होती आणि मजकूर होता, ‘संपूर्ण अ‍ॅडव्हान्स ४० लाख येणे बाकी’. ज्या माणसाने चार बिलांवर ३४ लाखांच्या वसुलीखाली सही केली, त्याच माणसाने हे लिहिलं होतं. याला मी हिशेबातली चूक मानत नाही. हा सरळ खोटेपणा आहे.

१९९९ साली सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात अशाच मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्सच्या गॅरंटीचा विचार केला होता. तिथे मागणीचा अधिकार मुख्य अभियंत्याला होता आणि पत्र कार्यकारी अभियंत्याने दिलं होतं. ती मागणी गॅरंटीच्या अटींत बसत नाही, असं कोर्टाने ठरवलं. आमचा मनाईचा अर्ज याच पायावर उभा राहिला.

त्याच दिवशी बँकेला पत्र देऊन पोच घेतली, की मागणी गॅरंटीच्या शब्दांत बसत नाही आणि आम्ही कोर्टात जात आहोत. बँकेने पैसे एकदा दिले की मनाई मागण्यासारखं काही उरत नाही, म्हणून हे पत्र आधी. अर्ज लवाद कायद्याच्या कलम ९ खाली, कंपनी आणि बँक दोघांना प्रतिवादी करून. पण तो छत्रपती संभाजीनगरात करता आला नाही. करारात लवादाचं स्थान पुणे होतं आणि स्थान जिथलं, कोर्टही तिथलंच. काम परभणीत, बँक संभाजीनगरात, तरी वकिलांना कागद घेऊन रातोरात पुण्याला जावं लागलं. मराठवाड्यातल्या पोटठेकेदारांनी करारातलं हे कलम सहीआधी जरूर पाहावं. दिवाळीच्या तोंडावर त्याची किंमत कळते.

परफॉर्मन्स गॅरंटीवर मनाई मिळाली नाही. कंपनी आर्थिक अडचणीत आहे, पैसे परत मिळणार नाहीत, असंही आम्ही मांडलं. ठोस पुराव्याशिवाय ते मानलं गेलं नाही. २० लाख गेले. बँकेने गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून ठेवलेल्या आमच्या मुदतठेवीतले ५ लाख वळते केले आणि १५ लाख कॅश क्रेडिट खात्यात नावे टाकले. नेमक्या पगार आणि सिमेंटच्या पैशांवर घाव बसला. असे पैसे ९० दिवसांत भरले नाहीत तर खातं एनपीएत जातं. आम्ही गावाकडचा एक प्लॉट विकून ते भरले.

अ‍ॅडव्हान्सच्या गॅरंटीवर ३४ लाखांपुरती मनाई मिळाली. आमच्या पत्राला कंपनीनेच सही केलेल्या बिलांचे गोषवारे जोडले होते आणि त्यांच्या वकिलाकडे त्यावर उत्तर नव्हतं. उरलेल्या ६ लाखांना आम्ही हरकत घेतलीच नाही, कारण ते खरंच देणं होतं. माझ्या मते त्यामुळे कोर्टाचा आमच्यावर विश्वास बसला. नुसत्या सहीच्या मुद्द्यावर विसंबलो असतो, तर मुदतीत संचालकाच्या सहीचं दुसरं पत्र आलं असतं. वसुलीचे आकडे मात्र त्यांना पुसता येत नव्हते.

मनाई मिळाली म्हणून गॅरंटी सुटत नाही. ती जिवंत ठेवण्याच्या अटीवरच आदेश आहे, म्हणून मुदत वाढवणं आणि बँकेचं कमिशन चालूच आहे. आदेशापासून ९० दिवसांत लवाद सुरू करणं कायद्याने बंधनकारक असतं. ती नोटीस आम्ही लगेच दिली. गेलेले २० लाख आणि मुरमाच्या थराचे पैसे आता तिथे मागितले आहेत.

नव्या कामात अ‍ॅडव्हान्सची गॅरंटी द्यायची असेल, तर एक मोठी गॅरंटी देऊ नका. चार लहान गॅरंट्या द्या, आणि प्रत्येकीएवढी वसुली झाली की ती परत, असं करारात लिहून घ्या. नुसता मूळ कागद परत आला म्हणून निर्धास्त होऊ नका. लाभार्थीचं मुक्ततेचं पत्र बँकेत जमा झालं का, ते पाहा. रनिंग बिलाचा गोषवारा साइटवरच्या कपाटात ठेवू नका. आमची माणसं साइटवरून बाहेर काढली तेव्हा कपाट तिथेच राहिलं. प्रती घरी होत्या म्हणून ३४ लाख वाचले.