एकच साडी, दोन रंग: महालक्ष्म्यांच्या खरेदीतली फसवणूक

आमच्याकडे नागपुरात महालक्ष्म्या बसतात आणि घरच्या रीतीप्रमाणे ज्येष्ठेला गडद हिरवी, तर कनिष्ठेला मोरपंखी साडी नेसवली जाते. यंदा सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना इतवारीतल्या गर्दीत नेणे शक्य नव्हते, म्हणून मोबाइलवर फोटो पाठवून घरपोच साड्या देणाऱ्या एका विक्रेत्याकडून दोन्ही साड्या मागवल्या. नक्षी आणि काठ एकच, रंग मात्र वेगवेगळे, असे सांगून त्याने लाल, राणी, जांभळा, मोरपंखी आणि बाटली हिरवा असे पाच फोटो पाठवले. पाचही फोटो दुकानाच्या आतले होते. रंग नक्की असाच आहे का, असे विचारल्यावर उत्तर आले, “फिल्टर-बिल्टर काही नाही जी ताई, जसं दिसते तसंच येते.”

पार्सल आले तेव्हा दोन्ही घड्या शेजारी ठेवल्या आणि फसवणूक लगेच उघड झाली, कारण दोन्ही साड्या मोरपंखी होत्या. ट्यूबलाइटखाली त्या सारख्या दिसत होत्या, आणि अंगणात नेल्यावरही तितक्याच सारख्या, फक्त तिथे दोघींचाही निळेपणा वाढला. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “लाइटचा फरक असतेच ना ताई.” हे वाक्य इतके सवयीचे आहे की पुष्कळ जण ते ऐकून गप्प बसतात. पण प्रकाशाच्या फरकाने एका साडीचा रंग दोन ठिकाणी वेगळा दिसू शकतो. एकाच जागी, एकाच उजेडात शेजारी ठेवलेल्या दोन वेगळ्या रंगांच्या साड्या त्यामुळे एकसारख्या होत नाहीत.

माझे दीर लग्नसमारंभांचे फोटो काढतात. त्यांनी मूळ फोटो मोठे करून पाहिले. दोन्ही फोटोंत पदराच्या घडीवर किमतीचा पांढरा कागद होता आणि दोन्हींत त्याचा खालचा उजवा कोपरा तिरका फाटलेला होता. तोच फाटका कागद आमच्या हातातल्या एका साडीवर चिकटलेला होता. म्हणजे “बाटली हिरवा” नावाची साडी त्या दुकानात नव्हतीच, मोरपंखी साडीचाच दुसऱ्या दिव्याखाली काढलेला तो फोटो होता. हिरव्या म्हणवलेल्या फोटोत तो कागद भगवट पिवळा आणि साडीची जर तांब्यासारखी दिसत होती, तर मोरपंखी फोटोत कागद किंचित निळसर आणि जर फिकट होती. पांढरा कागद दोन फोटोंत दोन रंगांचा दिसतो, तेव्हा बदल उजेडात झालेला असतो. दिरांनी संगणकावर दोन्ही फोटोंतला कागद पांढरा धरून रंग दुरुस्त केले, तर साड्यांचे रंग एकमेकांच्या अगदी जवळ आले. त्याने फिल्टर वापरला नाही हे कदाचित अक्षरशः खरेही असेल. पिवळ्या बल्बने ते काम केले होते.

मोरपंखी रंग या युक्तीसाठी फार सोयीचा आहे. त्यात निळा आणि हिरवा दोन्ही असतात, आणि सुमारे 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी असतो. कापडाकडे निळा प्रकाश पोचलाच नाही तर ते परत काय फेकणार? उरतो तो हिरवा, आणि साडी गडद हिरवी दिसते. जांभळ्याचेही असेच होते, पिवळ्या दिव्याखाली तो वाइनच्या किंवा मरूनच्या बाजूला झुकतो. लाल आणि हळदी रंग त्या मानाने बरेच टिकतात. मोबाइलचा कॅमेरा पिवळेपणा स्वतःहून थोडा काढतो खरा, पण प्रत्येक फोटोसाठी त्याचा हिशेब नव्याने होतो, आणि संपूर्ण चौकटीत एकाच रंगाचे कापड भरले असेल तर पांढरे काय मानावे हेच त्याला कळत नाही. म्हणून स्वतंत्र फोटोंमधले रंग एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. विक्रेता प्रामाणिक असला तरी नसतो.

यावर उपाय असा की सर्व पर्यायी साड्या एकाच फोटोत, शेजारी शेजारी, मधे साधा पांढरा कागद ठेवून मागाव्यात. दुकानातल्या गादीची पांढरी चादर चौकटीत आली तरी काम भागते. आमच्याकडे आलेल्या फोटोंत ती चादर जवळजवळ सगळीकडे कापून टाकलेली होती, आणि आता मला तो योगायोग वाटत नाही. त्याखेरीज गादीपासून दुकानाच्या दारापर्यंत साडी हातात धरून, मधे न थांबवता काढलेला व्हिडिओ मागावा. दारात आल्यावर रंग कुठे सरकतो ते त्यात दिसते. पाहताना आपल्या मोबाइलमधला डोळ्यांना आराम देणारा पिवळट पडदाही बंद ठेवावा, नाहीतर विक्रेत्याच्या बल्बवर आपलाही एक बल्ब चढतो.

सणासाठी रंग निवडताना त्या घरात कोणत्या वेळी कोणता उजेड असतो, हेही पाहावे लागते. महालक्ष्म्यांचे आवाहन आमच्याकडे संध्याकाळी होते आणि मखराला पिवळ्या दिव्यांच्या माळा असतात. पूजन आणि महानैवेद्य मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी, दारे-खिडक्या उघड्या असताना. भाद्रपदात आभाळ भरलेले असले तर दिवसाचा उजेड आणखी निळसर असतो. अशा वेळी मोरपंखी साडी पहिल्या रात्री हिरवी आणि दुसऱ्या दुपारी निळी दिसणार, हे गृहीत धरूनच ती घ्यावी. पण ज्येष्ठेची साडी दुपारीही हिरवीच दिसायला हवी असेल, तर जिच्यात पिवळ्याची झाक आहे असा हिरवा रंग दारात पाहूनच घ्यावा. आम्ही शेवटी इतवारीतून तशी साडी आणली. दुकानदाराने कुरकुर न करता ती बाहेर नेऊ दिली.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे नेसल्यावर घडीघडीला रंग बदलतो आणि एकाच उजेडात, नुसती दिशा बदलली तरी दोन फोटो वेगळे येतात. तिथे विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी साडीचा काठ उलगडून दोन्ही सूत पाहून घ्यावे. आमच्या साड्यांत ताणा-बाणा एकाच रंगाचे होते.

विक्रेत्याने आधी “सणाचा माल परत होत नाही” असे सांगितले. पार्सलमधल्या पावतीवर तशी कोणतीही अट किंवा मुदत छापलेली नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, पावतीवर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि नसलेला रंग असल्याचे भासवून विकणेही त्याच सदरात येते. हे लिहून पाठवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करणार असल्याचे कळवले, तेव्हा त्याने एका साडीचे पैसे परत केले. येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च आमच्याकडेच राहिला. त्याच सुमारास संभाषणातून हिरव्या साडीचा फोटो त्याने पुसून टाकला होता. तो दिरांच्या संगणकावर आधीच उतरवलेला होता, म्हणून आमचे म्हणणे टिकले. फोटो आला की तो आणि रंगाबद्दलचे विक्रेत्याचे शब्द, दोन्ही त्याच दिवशी वेगळे साठवून ठेवावेत.