फोटोचं तैलचित्र कॅनव्हासवर: फिल्टरचं घ्यावं की हाताने रंगवलेलं?

आमच्या दुकानात तैलचित्रासारखे कॅनव्हास दोन प्रकारांत मिळतात. दुकानाच्या दारातून पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात. हातभर अंतरावर गेलं की फरक कळतो आणि किमतीतला फरकही तिथेच आहे, कारण दुसरा प्रकार पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. तो कधी घ्यावा आणि कधी घेऊ नये, हे ऑर्डर देण्याआधी समजलेलं बरं.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोन्ही प्रिंटच आहेत, यात तैलरंगाचा थेंबही नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना हेच काम दगडी छपाईने करायचा. देवघरातली ती लक्ष्मी-सरस्वतीची जुनी चित्रंही तैलचित्राचा भास देणारी छापील चित्रंच. आम्ही तो भास कॅनव्हासवर आणतो.

पहिल्या प्रकारात सगळं काम फिल्टर करतो. शेजारशेजारचे मिळतेजुळते रंग तो एकत्र करतो आणि त्यांचा एक फटकारा बनवतो. झाडं, आकाश, वाड्याची भिंत, पावसातला सिंहगड यांवर हे फार छान बसतं, कारण तिथे एखादं पान पुसट झालं तरी कोणाचं काही बिघडत नाही. चेहऱ्यावर मात्र फिल्टरला काही कळत नाही. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका आणि गालावरचा डाग त्याला सारखेच. नथीचे मोती एकमेकांत मिसळतात, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांची एक काळी रेघ होते, पैठणीचा काठ पिवळ्या पट्ट्यासारखा दिसतो.

दुसऱ्या प्रकारात फोटो संगणकावर ठेवून आमची चित्रकार पेनने प्रत्येक फटकारा स्वतः मारते. गालावरचे फटकारे गालाच्या गोलाईने वळतात, केसांचे केसांच्या दिशेने जातात, डोळे आणि दागिने बारीक ब्रशने होतात, मागची भिंत रुंद ब्रशने मोकळी सोडली जाते. एका माणसाच्या पूर्ण चित्राला सहा-सात तास लागतात. किंमत वाढते ती या तासांची. कॅनव्हास, शाई आणि चौकट दोन्हींत तीच आहे.

कोथरूडच्या एक ताई आईच्या पंचाहत्तरीसाठी आल्या होत्या. आईचा नऊवारीतला, नथ घातलेला फोटो त्यांना भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. मूळ फोटो अल्बममधला, 4 बाय 6 इंचांचा. त्यांना 18 बाय 24 इंचांचा कॅनव्हास हवा होता, तोही हाताने रंगवलेला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या त्या फोटोची लांब बाजू 1600 पिक्सेल होती. 24 इंचांवर पसरला की इंचाला जेमतेम 67 पिक्सेल येतात. पण आम्ही आधी चेहरा मोजतो. मूळ फोटोत आईंचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत साधारण एक इंच होता, म्हणजे या फाइलमध्ये 267 पिक्सेल. त्यात एक डोळा चाळीसेक पिक्सेलचा. फिल्टरचे तीन-चार फटकारे पडले की तो डोळा संपतो.

ताईंचं म्हणणं होतं, "म्हणूनच तर हाताने करून घेतेय." पण इथेच गफलत होते. फोटोत जे नाही ते चित्रकाराला अंदाजाने भरावं लागतं. पापणीची घडी, ओठांचा कोपरा, हनुवटीखालची सावली अंदाजाने काढली की चित्र सुंदर होतं, पण त्यातली बाई थोडी दुसरीच दिसते. घरच्यांना ते लगेच जाणवतं, नेमकं काय बिघडलं हे मात्र सांगता येत नाही. अंधुक फोटोवर हाताच्या कामाचे पैसे खर्च करू नका, असं आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

ताईंनी अल्बममधला मूळ फोटो आणला. तो इंचाला 600 पिक्सेलने स्कॅन केला तेव्हा फाइल 2400 बाय 3600 झाली आणि चेहरा 600 पिक्सेलचा. 24 इंचांना इंचाला 150 पिक्सेल मिळाले. कॅनव्हासचं विणकाम जाड असतं, त्यामुळे एवढं पुरतं. दुसरा बदल मापाचा केला. 4 बाय 6 चं प्रमाण 18 बाय 24 मध्ये बसत नाही, वरून-खालून कापावं लागतं आणि यात आईंचा अंबाडा गेला असता. 16 बाय 24 मध्ये काहीच कापलं गेलं नाही. कॅनव्हास दीड इंच जाड चौकटीवर ताणला की चारही बाजूंना चित्र वळतं, म्हणून कडांवर आम्ही आतल्या चित्राचंच आरशासारखं प्रतिबिंब छापलं. नाहीतर कोपर चौकटीच्या कडेला गेलं असतं.

छपाईनंतर वरून पारदर्शक जेल ब्रशने लावतो, ते दोन्ही प्रकारांत मिळतं. खरखरीत फटकारे बोटाला लागतात ते या जेलचे. ते चित्रातल्या फटकाऱ्यांच्या दिशेने लावलेलं असलं पाहिजे. कुठलाही कॅनव्हास घेताना खिडकीजवळ तिरका धरून बघा. रंग एका दिशेला आणि उंचवटे दुसऱ्या दिशेला जात असतील, तर जेल घाईत फासलेलं आहे. जेल चमकतं, त्यामुळे चित्र ट्यूबलाइटच्या किंवा खिडकीच्या बरोबर समोर लावलंत तर चेहऱ्यावर उजेडाचा पांढरा पट्टा येईल.

वीस जणांचा लग्नातला ग्रुप फोटो असेल, तर दोन्ही प्रकार घेऊ नका. चेहरे नखाएवढे असतात, फटकाऱ्यांत हरवतात. त्याला कॅनव्हासवरचा साधा फोटो प्रिंट चांगला.

गेलेल्या माणसाच्या फोटोबद्दल मी गिऱ्हाइकांना आवर्जून विचारतो. तसबिरीला रोज गंध किंवा कुंकू लावणार असाल, ताज्या फुलांचा हार घालणार असाल, तर कॅनव्हास नकोच. याला काच नसते. काचेवरचं कुंकू पुसता येतं, कॅनव्हासच्या विणीत गेलेलं निघत नाही, आणि ओल्या हाराखाली डाग पडतो. अशा घरी मी तेच चित्र कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्ये देतो.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावायचं असेल, तर मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून देतो, म्हणजे मागून हवा खेळते. कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणता येतो. ओलं फडकं लावू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे.

ताईंनी शेवटी चेहरा, हात आणि नथ हाताने करून घेतली, मागची भिंत आणि खुर्ची फिल्टरवर सोडली. काम सात तासांऐवजी चार तासांत झालं आणि किंमत दोन्हींच्या मधोमध आली. एकाच माणसाचा जवळून काढलेला फोटो असेल तर हा मधला मार्ग मागून घ्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा तो आकसत नाही. छापण्याआधी आम्ही चेहऱ्याचा भाग मोठा करून पाठवतो. तो घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याने त्या व्यक्तीला रोज जवळून पाहिलंय.